थर्मामीटर २५ सांगतो, डोकं मात्र तापतं

कोकणातल्या कौलारू घरात स्वयंपाकघराच्या छपरात एखादं काचेचं कौल बसवलेलं असतं. अंधाऱ्या खोलीत उजेड यावा, एवढंच त्याचं काम. पण मे महिन्यात भर दुपारी त्या कौलातून उन्हाचा चौकोनी कवडसा जमिनीवर पडतो, तेव्हा घरातला माणूस न सांगता पाट थोडा बाजूला सरकवून बसतो. खोलीतली हवा इथे आणि तिथे सारखीच. तरी हातभर अंतरात फरक पडतो, कारण अंगाला लागतं ते नुसतं हवेचं तापमान नसतं.

आता हेच एक कौल बारा मीटर लांब आणि बारा मीटर रुंद करून पाहू. रत्नागिरीजवळच्या पालीला, मुंबई-गोवा महामार्गालगत, एखाद्या नव्या रुग्णालयाची इमारत उभी राहते आहे असं समजा. मधोमध प्रतीक्षा दालन, सहा मीटर उंचीवर पूर्ण काचेचं छत, उन्हाचा त्रास नको म्हणून काच रंगीत आणि दालनात एसी. इमारत काल्पनिक आहे, पण अशी दालनं रुग्णालयांत, शोरूममध्ये आणि हॉटेलांत आता ठिकठिकाणी दिसतात. काचेनं झाकलेला चौक आपल्याकडे तसा नवाही नाही. मुंबईत काळा घोड्याजवळ १८६०च्या दशकाच्या अखेरीस ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर वॉटसन्स हॉटेल उभं राहिलं, त्याच्याही मधल्या चौकावर काचेचं छत होतं. नवं आहे ते त्याखाली एसी लावून आकडा दाखवणं. भिंतीवरचा आकडा २५ अंश दाखवतो, स्वागतकक्षातली कर्मचारी मात्र रोज दुपारी डोकं तापल्याची तक्रार करते. यात खरं कोण?

या प्रश्नाला आकड्यात उत्तर द्यायची एक पद्धत आहे. डेन्मार्कचे अभियंते पॉव्हल ओले फँगर यांनी ती १९७० साली मांडली. तिचं नाव ‘प्रेडिक्टेड मीन व्होट’, म्हणजे अंदाजित सरासरी मत, थोडक्यात पीएमव्ही. कल्पना साधी आहे. दालनात बसलेल्या पुष्कळ लोकांना विचारलं, ‘कसं वाटतंय?’ तर त्यांच्या उत्तरांची सरासरी काय येईल, हे आधीच गणितानं सांगायचं. उत्तराची पट्टी सात पायऱ्यांची. शून्य म्हणजे ना गरम ना गार. अधिक एक म्हणजे किंचित उकाडा, अधिक दोन म्हणजे उकाडा, अधिक तीन म्हणजे फार गरम. थंडीकडे त्याच पायऱ्या उणे. उणे अर्धा ते अधिक अर्धा या टप्प्यात आकडा असेल, तर सर्वसाधारण इमारतीत दालन ठीक मानलं जातं.

हे गणित सहा गोष्टी विचारतं. चार खोलीच्या : हवेचं तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि भोवतालच्या पृष्ठभागांकडून येणारी उष्णता. दोन माणसाच्या : तो काय काम करतोय आणि त्याच्या अंगावर कपडे किती आहेत. शरीर सतत उष्णता तयार करत असतं आणि ती बाहेर टाकत असतं. हा जमाखर्च बरोबरीत आला की माणसाला बरं वाटतं. जमा उरली की उकडतं, खर्च जास्त झाला की थंडी वाजते. पीएमव्ही हा त्या जमाखर्चातला फरक आहे.

आपल्या दालनाचा पहिला हिशेब करू. हवा २५ अंश, आर्द्रता ६० टक्के, वारा जवळजवळ नाही (सेकंदाला ०.१ मीटर), बसून हलकं काम, अंगावर पातळ सुती कपडे. भोवतालचे सगळे पृष्ठभागही २५ अंशांचेच आहेत असं धरलं, तर उत्तर येतं अधिक ०.१५. म्हणजे जवळजवळ शून्य. या आकड्याला जोडून दुसरा एक आकडा निघतो, तो म्हणजे नाराज राहणाऱ्यांचा टक्का. इथे तो साडेपाच येतो. पाच टक्क्यांच्या खाली तो कधीच जात नाही, कारण सगळ्यांना एकदम खूश करणारं तापमान नसतं. कागदावर दालन उत्तम आहे.

चूक आहे ती ‘धरलं’ या शब्दात. पाली साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या ७-८ तारखेच्या सुमारास सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. ऑगस्टच्या सुरुवातीला तो पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात. मेमध्ये आभाळ मोकळं असतं आणि आडव्या काचेवर वर्षातलं सगळ्यात सरळ ऊन पडतं. रंगीत काच डोळ्यांना बरी वाटते, कारण ती उजेड अडवते. पण अडवलेलं ऊन नाहीसं होत नाही. त्यातला मोठा भाग काच स्वतः शोषते आणि तापते. अशा काचेची आतली बाजू दुपारी ४६ अंशांवर गेली, तर त्यात आश्चर्य नाही. तापलेली काच मग खालच्या माणसांवर न दिसणारी उष्णता टाकत राहते. चुलीसमोर बसल्यावर तोंडाला जी धग लागते, तीच ही. या धगीला मधली हवा तापवावी लागत नाही, म्हणून हवेच्या थर्मामीटरला तिचा पत्ता जवळपास लागतच नाही.

ही धग गणितात येते ती सरासरी प्रारण तापमान या नावानं. नाव जड आहे, अर्थ सोपा. माणूस जिथे बसलाय तिथून त्याच्याभोवती एक गोल कल्पावा. त्या गोलाचा किती भाग छतानं, किती भिंतींनी आणि किती जमिनीनं व्यापलाय, ते मोजावं आणि त्या प्रमाणात प्रत्येकाचं तापमान मिसळावं. आपल्या दालनाच्या मध्यावर बसलेल्या माणसाभोवतालचा साधारण पाचवा हिस्सा काचेच्या छताचा आहे. छत ४६ अंश, बाकी चार हिस्से २७ अंश. एक हिस्सा ४६ आणि चार हिस्से २७ मिळून सरासरी जवळपास ३१ येते.

आता २५ अंश हवा आणि ३१ अंश प्रारण तापमान घेऊन पुन्हा हिशेब केला, तर पीएमव्ही अधिक ०.१५ वरून अधिक १.० वर जातो. नाराजांचा टक्का साडेपाचवरून साधारण २७ होतो. भिंतीवरचा आकडा जागचा हललेला नाही. स्वागतकक्षातल्या बाईंची तक्रार अशी निम्मी सिद्ध झाली.

उरलेली निम्मी जास्त महत्त्वाची आहे, कारण ती पीएमव्हीलाही दिसत नाही. आपण आत्ताच सरासरी काढली. सगळ्या बाजूंनी सारखे ३१ अंश असलेली खोली आणि वरून ४६ व बाकीकडून २७ अंश असलेली खोली, या दोन्हींची सरासरी एकच. म्हणून दोन्हींचा पीएमव्हीही एकच. माणसाला मात्र त्या दोन खोल्या एकसारख्या वाटत नाहीत. दुसरीत टाळू आणि खांदे तापतात, पाय गारच असतात.

या फरकाला प्रारण विषमता म्हणतात. ती मोजायला बसलेल्या माणसाच्या पोटाच्या उंचीवर, जमिनीपासून ०.६ मीटरवर, एक छोटी आडवी पाटी धरली आहे असं कल्पावं. पाटीची वरची बाजू बहुतेक छत पाहते, खालची बाजू जमीन. वरच्या बाजूला ज्या तापमानाची धग लागते, त्यातून खालच्या बाजूचं तापमान वजा करायचं. आपल्या दालनात पाटीच्या वरच्या बाजूच्या नजरेतला साठ टक्के भाग तापलेल्या काचेचा आहे. तिथे येतात साडेअडतीस अंश. खाली २७. फरक साडेअकरा अंशांचा.

हा फरक किती चालतो? फँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या प्रयोगशाळेत लोकांना बसवून हेच तपासलं. प्रत्येकाला एकूण उष्णतेच्या दृष्टीनं बरं वाटेल अशी हवा ठेवली आणि मग फक्त एक बाजू तापवली किंवा थंड केली. निष्कर्ष बाजूनुसार बदलला. आयएसओ ७७३० या आंतरराष्ट्रीय मानकात त्यावरूनच मर्यादा ठरल्या. गरम भिंतीचा फरक २३ अंशांपर्यंत चालतो. थंड छताचा १४ अंशांपर्यंत, थंड भिंतीचा १० अंशांपर्यंत. गरम छताचा मात्र फक्त ५. माणूस सगळ्यात कमी सहन करतो ती डोक्यावरची धग. आपल्या दालनातला फरक या मर्यादेच्या दुपटीहून जास्त आहे. त्याच प्रयोगांतून निघालेल्या सूत्रानुसार अशा छताखाली चौघांतला साधारण एक जण केवळ या विषमतेमुळे नाराज असतो. हा टक्का मघाच्या २७ मध्ये मिळवायचा नसतो. तो वेगळा प्रश्न आहे आणि वेगळाच तपासावा लागतो.

नेमक्या इथेच इमारत चालवणाऱ्याची फसगत होते. तक्रार आली की पहिला उपाय एसी वाढवण्याचा. आपल्याच हिशेबात, छत तसंच तापलेलं ठेवून पीएमव्ही शून्यावर आणायचा, तर हवा साडेएकोणीस अंशांपर्यंत खाली न्यावी लागते. आकडा शून्य होतो, अहवालात दालन उत्तीर्ण होतं. पण काच अजून ४६ अंशांचीच आहे, वर-खालचा फरक जवळपास तसाच आहे. डोकं तापतंच, वर पाय गारठतात. काचेपासून दूर, सज्जाखाली सावलीत बसलेल्या रुग्णाला तर थंडीच वाजते. त्याचा पीएमव्ही उणे अर्ध्याच्याही खाली जातो. एकाच दालनात एक जण रुमालानं वारा घेतोय आणि दुसरा शाल पांघरून बसलाय, असं दृश्य दिसलं तर दोष थर्मोस्टॅटचा नाही, धगीचा आहे असं समजावं.

पंख्याचंही असंच आहे, फक्त तो खूप स्वस्तात पडतो. हवा २५ अंशच ठेवून वाऱ्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटर केला, तरी पीएमव्ही शून्याच्या आसपास येतो. सावकाश चालताना तोंडाला लागतो, तेवढाच हा वारा. म्हणजे एसीचे साडेपाच अंश विरुद्ध एक पंखा. पण पंखाही छताचं तापमान बदलत नाही.

आतापर्यंत आपण फक्त तापलेल्या काचेची धग धरली. थेट ऊन त्याहून वेगळं. काच ते पूर्ण अडवत नाही आणि कवडसा ज्याच्या अंगावर पडतो, त्याच्यासाठी हिशेब पुन्हा बदलतो. मूळ पीएमव्हीच्या हिशेबात अंगावर पडणाऱ्या उन्हासाठी वेगळी जागा नव्हती. नंतर अमेरिकेत बर्कलीच्या संशोधकांनी त्याची रीत बसवली : उन्हामुळे सरासरी प्रारण तापमान किती अंशांनी वाढल्यासारखं होतं, ते काढून मिळवायचं. रंगीत काचेतून आलेल्या उन्हातही ही वाढ दहा ते पंधरा अंशांची असू शकते. आपल्या ३१ मध्ये १३ मिळवले तर ४४ होतात आणि पीएमव्ही पट्टीच्या टोकाला, तीनपाशी, जातो.

पण तो तीन आता शब्दशः घेऊ नये. हे सूत्र उणे दोन ते अधिक दोन या टप्प्यातच वापरावं, असं मानकच सांगतं. प्रारण तापमान ४० अंशांच्या आत हवं, हवेचं तापमान ३० अंशांच्या आत, आणि हवेतल्या बाष्पाचा दाब २,७०० पास्कलपर्यंत. शेवटची अट कोकणाला फार जवळची आहे. बाहेर ३२ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर हा दाब ३,००० च्या वर जातो. म्हणजे मेमध्ये पालीत एसी बंद पडला आणि दालनाची दारं उघडली, की पीएमव्हीच्या कक्षेतून आपण बाहेर पडतो. आकडा तेव्हाही निघतो, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. उघड्या खिडक्यांच्या इमारतींसाठी भारतात वेगळी रीत आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी देशातल्या पाच शहरांत, प्रत्यक्ष कार्यालयांत बसलेल्या लोकांना विचारून ती तयार केली. बाहेरचं तीस दिवसांचं सरासरी तापमान २९ अंश असेल, तर अशा इमारतीत आपल्याला साडेअठ्ठावीस अंशांच्या आसपास बरं वाटतं, असं ती सांगते. सवयीचा वाटा त्यात धरलेला आहे. तरीही डोक्यावरच्या विषमतेचा प्रश्न तिथेही वेगळाच तपासावा लागतो.

हा दोष ओळखायचा कसा? अभियंते काळा रंग दिलेला, १५ सेंटिमीटर व्यासाचा पोकळ गोळा वापरतात. आत मध्यभागी थर्मामीटर असतो. हवेचा थर्मामीटर २५ आणि गोळ्यातला २८ दाखवत असेल, तर धग आहे हे पक्कं. पण गोळाही सगळ्या बाजूंची सरासरीच काढतो, त्यामुळे ती कुठल्या बाजूनं येते हे तो सांगत नाही. त्यासाठी बंदुकीसारखा दिसणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन छत, प्रत्येक भिंत आणि जमीन वेगवेगळी मोजावी. काचेवर तो बऱ्यापैकी बरोबर येतो. काचेच्या चकचकीत धातूच्या चौकटीवर मात्र नेम धरू नये, तिथे तो फसतो. मोजमाप भर दुपारी घ्यावं. सकाळी दहाला घेतलेला अहवाल अशा दालनाबद्दल काहीच सांगत नाही.

कुठलंही यंत्र नसेल तर छत्री आहे. त्रास होतो त्याच खुर्चीवर बसून डोक्यावर छत्री उघडावी आणि पाच मिनिटं थांबावं. हवेचं तापमान बदललेलं नसतं, तरी बरं वाटलं, तर दुखणं हवेत नाही, वरून येणाऱ्या धगीत किंवा उन्हात आहे. मग एसीवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

खरा उपायही छत्रीचाच आहे, फक्त ती काचेच्या बाहेर हवी. काचेच्या आतून लावलेला पडदा कवडसा थांबवतो, पण तोवर ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं. पडदा आणि काच दोन्ही तापतात. आतून चिकटवलेल्या गडद फिल्मचंही तेच. ती चकाकी कमी करते आणि काच आणखी तापवते. बाहेरून, काचेच्या वर हातभर अंतर सोडून पट्ट्यांची किंवा जाळीची सावली केली, तर ऊन काचेला पोचण्याआधीच अडतं आणि मधल्या मोकळ्या जागेतून वारा सावलीची उष्णता घेऊन जातो. समजा त्यामुळे काच ४६ ऐवजी ३३ अंशांवर राहिली. मग वर-खालचा फरक साडेअकरावरून साधारण साडेतीनवर येतो, म्हणजे मर्यादेच्या आत. सरासरी प्रारण तापमान २८ च्या आसपास, पीएमव्ही अधिक ०.६. त्यावर सेकंदाला ०.३ मीटर एवढा हलका वारा दिला, की तो ०.१ पर्यंत उतरतो. हवा तीच, २५ अंशांची.

आपल्या जुन्या घरांत हे सगळं आकड्यांशिवाय केलेलं आढळतं. तापलेली कौलं आणि माणसाचं डोकं यांच्यामध्ये लाकडी माळा असतो. कौलांची धग माळ्याला लागते, खाली बसलेल्याला लागत नाही. उन्हाळ्यात अंगणात मांडव घालतात, तो ऊन घराबाहेरच अडवायला. काचेचं कौल एकच ठेवतात आणि पाट सरकवायला बाजूला जागा असते. प्रतीक्षा दालनात खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या असतात आणि आजारी माणसाला आपला नंबर येईपर्यंत उठता येत नाही. म्हणून काचेचं छत मंजूर करताना नकाशा घेऊन आलेल्या वास्तुविशारदाला दोन आकडे विचारावेत. मेमधल्या दुपारी दालनाच्या मध्यावर पीएमव्ही किती, हा पहिला. आणि त्याच खुर्चीवर वरच्या व खालच्या बाजूच्या धगीत फरक किती अंशांचा, हा दुसरा. पहिलाच आकडा मिळाला आणि दुसरा मिळाला नाही, तर सही करण्याआधी थांबावं.